धागा: रोपवाटिकेच्या बोर्डावर, पॅम्प्लेटवर आणि कार्डावर क्यूआर कोड: कार्डावरचा स्कॅन होत नाहीये, छपाईआधी सल्ला हवा

बांधावरचा

नमस्कार मंडळी. रोपवाटिका आहे, रस्त्यालगत. वेबसाइट तयार झाली आहे, त्यावर कलमांचे भाव आणि कुठली रोपं शिल्लक आहेत ते रोज टाकतो. आता पावसाळ्याआधी तीन गोष्टी छापायच्या आहेत:

10 बाय 3 फुटांचा फ्लेक्स बोर्ड, रस्त्याच्या पलीकडून दिसेल असा. रस्ता ओलांडून साधारण 40 फूट अंतर.
पेपरात टाकायला ए5 पॅम्प्लेट, 2000.
व्हिजिटिंग कार्ड, 500.

डीटीपीवाल्याने तिन्हीसाठी एकच क्यूआर करून दिला. मध्ये आमचा पानाचा लोगो आहे. कार्डाचा नमुना काढला तर त्यावरचा कोड 15 मिलिमीटरचा आहे. माझ्या फोनवर तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात उघडतो, वडिलांच्या फोनवर अजिबात नाही. स्क्रीनवर मात्र दोन्ही फोनवर पटकन स्कॅन होतो. कोड आंब्याच्या पानावर जातो. पत्ता इथे `example.com` असं धरून देतो:

```
https://example.com/आंबा-रोपे
```

डीटीपीवाला म्हणतो फोन जुना आहे. खरं काय?

खटपट्या

एरर करेक्शन H लावून घ्या. H म्हणजे 30 टक्के कोड खराब झाला तरी चालतो. मग मधे लोगो टाका, वर चहा सांडा, काही होत नाही. डीटीपीवाल्याने बहुतेक L वर बनवला असेल.

शाईवाला

खटपट्या, उलट मला वाटतं त्याने H च लावलाय आणि तिथेच गोची आहे. बांधावरचा, एक काम करा. कोडच्या वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे किती चौकोनी ठिपके बसतात ते मोजा. स्क्रीनवर मोठा करून मोजा, कोपऱ्यातले मोठे चौकोन धरून. एका मोठ्या चौकोनाची रुंदी 7 ठिपके असते, त्यावरून अंदाज पटकन येतो.

बांधावरचा

दोनदा मोजले. 53 आले.

शाईवाला

मग हिशोब जुळला. 15 मिलिमीटरमध्ये 53 ठिपके म्हणजे एक ठिपका 0.28 मिलिमीटरचा. ऑफसेटवर तो छापला जातो, पण आर्ट कार्डावर शाई किंचित पसरते, वर ग्लॉस लॅमिनेशन बसतं, आणि फोन इतक्या जवळ नेला की साध्या कॅमेऱ्याचा फोकस धरत नाही. लांब धरला तर ठिपके एकमेकांत मिसळतात. तुमचा फोन तिसऱ्या वेळी जमवतो, वडिलांचा जमवत नाही. स्क्रीनवर चालतो कारण तिथे तोच कोड तीन-चारपट मोठा दिसत होता. फोन जुना असेलही, पण तुमच्या गिऱ्हाइकांचे फोनही तसेच असणार आहेत.

आता 53 का झाले, तर त्याला कारण पत्ता. ते दोन_आणेंना सांगू द्या, त्यांचा प्रांत आहे.

दोन_आणे

सांगतो. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता मराठीत दिसतो, पण तिथून कॉपी करून कुठे चिकटवला की तो असा येतो:

```
https://example.com/%E0%A4%86%E0%A4%82%E0%A4%AC%E0%A4%BE-%E0%A4%B0%E0%A5%8B%E0%A4%AA%E0%A5%87
```

देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं आणि प्रत्येकाचे 9 वर्ण होतात. ‘आंबा-रोपे’ मध्ये असे 8 तुकडे, म्हणजे 72, एक आडवी रेघ धरून 73. पुढचा `https://example.com/` हा भाग 20. एकूण 93.

क्यूआरचे आकार ठरलेले असतात. सगळ्यात लहान 21 बाय 21, मग 25, 29, 33 असे चार-चारने वाढत 177 पर्यंत. मजकूर वाढला की पुढचा आकार घ्यावा लागतो, आणि संरक्षण वाढवलं तरी तेच होतं. संरक्षणाच्या पातळ्या चढत्या क्रमाने L, M, Q, H अशा. साध्या जनरेटरात 93 वर्णांना M पातळीवर 41 ठिपके लागतात. H वर 53. बांधावरचांनी मोजले तेवढेच.

म्हणजे खटपट्या म्हणतात ते संरक्षण खरं आहे, फक्त ते फुकट मिळत नाही. त्याची किंमत ठिपक्यांच्या आकारात चुकवायची असते, आणि 15 मिलिमीटरच्या कार्डावर ती परवडत नाही.

खटपट्या

बरोबर, पण मग H काढला तर लोगो काढावा लागेल ना? लोगोशिवाय कोड म्हणजे सगळ्यांचे सारखेच दिसतात.

दोन_आणे

पत्ता आखूड करा, मग दोन्ही जमतं. असा:

```
HTTPS://EXAMPLE.COM/B
```

हे 21 वर्ण. मुद्दाम कॅपिटलमध्ये लिहिले आहेत. क्यूआरमध्ये अंक, कॅपिटल रोमन अक्षरं आणि `: / . - %` अशी मोजकी चिन्हं कमी जागेत बसवायची वेगळी सोय आहे. एकही स्मॉल अक्षर आलं की साधा जनरेटर ती सोय सोडतो. `https` आणि डोमेनचं नाव कॅपिटलमध्ये लिहिलं तरी ब्राउझरला फरक पडत नाही. तिरक्या रेघेनंतरच्या भागाला मात्र पडतो, त्यामुळे सर्व्हरवर `/B` आणि `/b` दोन्ही चालतील अशी सोय करावी लागते. ती खाली देतो.

या 21 वर्णांना M लावा नाहीतर Q, ठिपके 25च येतात. म्हणजे एक पायरी जास्त संरक्षण खरोखरच फुकट. H लावला तर 29. तेच स्मॉल अक्षरांत लिहिलं तर M वर 25 राहतात, पण Q ला 29 होतात. डोमेन जितकं लांब तितका हा फरक जास्त जाणवतो.

आता 53 ऐवजी 25 ठिपके, आणि कार्डावर कोड 18 मिलिमीटरचा केला तर एक ठिपका 0.72 मिलिमीटरचा. आधीच्या अडीच पट. शाई पसरली तरी फोनला कळतं.

लोगो हवाच असेल तर H लावून 29 ठिपके घ्या आणि मधला तुकडा छोटा ठेवा. ‘30 टक्के’ म्हणजे चित्राचा 30 टक्के भाग झाका असं नव्हे. आतल्या माहितीच्या तुकड्यांपैकी साधारण तेवढे चुकले तरी परत मिळवता येतात, असा त्याचा अर्थ. लोगोने त्यातला वाटा आधीच खाल्ला तर छपाईतला डाग, घडी, धूळ यांना काय उरणार? कोपऱ्यातले तीन मोठे चौकोन तर कशानेच झाकायचे नाहीत. फोन कोड ओळखतो तो त्यांच्यावरून, आणि ते चुकले तर भरपाई करायला आत काहीही नाही.

मीनल_शिवणकाम

माझंही असंच झालं होतं, कोड छापला आणि गिऱ्हाइकं म्हणाली चालत नाही. बँकेतून साउंडबॉक्ससोबत जो स्टँड येतो त्यावरचा कोड वापरा, तो सगळ्यांकडे चालतो. त्यांना सांगितलं की नवीन स्टिकर पाठवतात. डिझाइनरचे पैसे कशाला घालवायचे?

बांधावरचा

ताई, तो पैसे घेण्याचा. मला वेबसाइट उघडायची आहे.

मीनल_शिवणकाम

अगं बाई, हो का. मग माझ्या दुकानात ब्लाउजच्या डिझाइनचा कोड होता तो पण पैशाच्या अ‍ॅपनेच स्कॅन करत होते सगळे! म्हणून चालत नव्हता की काय?

दोन_आणे

मीनलताई, प्रश्न चुकून विचारलात पण मुद्दा लाखाचा आहे. आपल्याकडे काउंटरवर काळा-पांढरा चौकोन दिसला की हात थेट पेमेंट अ‍ॅपकडे जातो. त्या अ‍ॅपला यूपीआयचा मजकूर हवा असतो, `upi://pay` ने सुरू होणारा. वेबसाइटचा पत्ता दिला की बहुतेक वेळा ‘चुकीचा क्यूआर’ असं काहीतरी दाखवतं. गिऱ्हाईक समजतं कोड बिघडलाय आणि निघून जातं.

यावर दोनच उपाय आहेत. एक, कोडखाली नुसतं ‘स्कॅन करा’ लिहू नका. आत काय मिळेल आणि कशाने उघडायचं ते लिहा: ‘आजचे कलमांचे भाव. फोनच्या कॅमेऱ्याने उघडा.’ दुसरं, पेमेंटच्या स्टिकरशेजारी हा कोड लावू नका. एक गल्ल्यावर असेल तर दुसरा दारात. कार्डाच्या एकाच बाजूला दोन्ही कोड छापले तर फोन त्यातला कुठला उचलेल याचा भरवसा नाही.

आणि कोडखाली पत्ता अक्षरांत हवाच. ज्याच्या फोनला कॅमेऱ्यातून स्कॅन जमत नाही तो टाइप करेल. शिवाय स्कॅन करणाऱ्यालाही फोनवर उघडणारा पत्ता आणि छापलेला पत्ता एकच आहे हे ताडून पाहता येतं. कोणी वरून दुसरा स्टिकर चिकटवला तर तिथेच पकडला जातो.

बाळू_फ्लेक्स

बोर्डाचं कोणी बोललं नाही अजून. मी फ्लेक्सच्या धंद्यात. 10 बाय 3 वर कोपऱ्यात कोड टाकून द्या म्हणणारे रोज येतात. टाकून देतो, पण रस्त्यापलीकडून तो कोणी स्कॅन करत नाही.

अंतराच्या एक दशांश कोड हवा, हा आमचा ठोकताळा. 40 फुटांवरून स्कॅन करायचा तर 4 फुटांचा चौकोन. तुमचा बोर्डच 3 फूट उंच. बसतोय कुठे?

खटपट्या

कॅमेऱ्यात झूम असतो की. 10 ला 1 हे जुनं झालं.

बाळू_फ्लेक्स

झूम करून लागतो कधी कधी, मान्य. पण दुचाकीवरून जाणारा माणूस थांबून, हेल्मेट काढून, झूम करणार आहे का? आणि रस्त्याच्या कडेला चालत्या गाडीतल्याला फोन काढायला लावणारी गोष्ट बोर्डावर ठेवूच नये, असं माझं मत.

शाईवाला

बाळूभाऊंशी शंभर टक्के सहमत. बोर्डावर नजर पोचते, हात पोचत नाही. म्हणून बोर्डावर पत्ता मोठा लिहायचा आणि कोड दारात लावायचा.

पत्त्याच्या अक्षरांसाठी दर 10 फुटांना 1 इंच उंची असं धरलं तर सहज वाचता येतं. 40 फुटांना 4 इंच. `https://` आणि `www` बोर्डावर लिहायची गरज नाही, नुसतं `example.com` पुरे. चार इंची अक्षरांत ते तीनेक फुटांत मावतं. फॉन्ट सरळ, जाड. पातळ वळणदार इंग्रजी फॉन्ट वापरले की `l`, `I` आणि `1` ओळखू येत नाही.

दारातल्या कोडचा हिशोब: माणूस साधारण दीड मीटरवर उभा राहणार, म्हणून कोड 15 सेंटिमीटर. ए4 आकाराचा सनबोर्ड, छातीच्या उंचीवर, त्यावर मॅट व्हिनाइल. काचेच्या आतून लावू नका, काचेत रस्त्याचं प्रतिबिंब दिसतं आणि कॅमेरा तेच पकडतो.

बांधावरचा

पण वेबसाइटवाला म्हणाला `www` लावूनच उघडते.

दोन_आणे

मग आधी ते दुरुस्त करून घ्या, छपाई नंतर. चार रूपं फोनच्या मोबाइल डेटावर, वायफाय बंद करून उघडून पाहा: `http` आणि `https`, प्रत्येक `www` सह आणि त्याविना. चारही एकाच ठिकाणी पोचली पाहिजेत आणि कुठेही सुरक्षेचा इशारा येता कामा नये. नेहमी आढळणारी चूक अशी की प्रमाणपत्र फक्त `www` च्या नावाने घेतलेलं असतं. मग बोर्ड वाचून नुसतं नाव टाइप करणाऱ्याला लाल पडदा दिसतो.

आता आखूड पत्त्याची सोय. तिन्ही ठिकाणी वेगळं अक्षर द्या: दारातल्या फलकाला `/B`, पॅम्प्लेटला `/P`, कार्डाला `/C`. वर्ण तेवढेच राहतात आणि कुठून किती लोक आले ते कळतं. साइट वर्डप्रेसवर, अपाची सर्व्हरवर असेल तर `.htaccess` मध्ये `# BEGIN WordPress` या ओळीच्या वर:

```
RewriteEngine On
RewriteRule ^b$ https://example.com/bhav/?utm_source=board&utm_medium=qr [R=302,L,NC]
RewriteRule ^p$ https://example.com/bhav/?utm_source=pamphlet&utm_medium=qr [R=302,L,NC]
RewriteRule ^c$ https://example.com/?utm_source=card&utm_medium=qr [R=302,L,NC]
```

`NC` मुळे लहान-मोठं अक्षर दोन्ही चालतं. वर्डप्रेसच्या दोन खुणांच्या मध्ये लिहाल तर पुढच्या वेळी वर्डप्रेस ते पुसून टाकेल. 302 मुद्दाम आहे. 301 लिहिलं तर फोनचा ब्राउझर ते कायमचं लक्षात ठेवतो आणि उद्या तुम्ही मुक्काम बदललात तरी जुन्याच पानावर नेत राहतो. तुम्हाला तर बदलायचं आहेच. जुलैत आंब्याची कलमं, हिवाळ्यात भाजीची रोपं. कोड तोच, ही ओळ तेवढी बदलायची.

गावकुसाबाहेर

एवढी उस्तवार कशाला? नेटवर फुकट ‘डायनॅमिक’ क्यूआर करून देणाऱ्या साइट आहेत. नंतर हवं तिथे वळवता येतो, किती जणांनी स्कॅन केला तेही दिसतं.

दोन_आणे

त्या कोडच्या आत तुमचा पत्ता नसतो, त्यांचा असतो. स्कॅन झालं की आधी त्यांच्याकडे जातं, मग तुमच्याकडे. अनेक ठिकाणी ‘फुकट’ हे काही दिवसांपुरतं असतं. मुदत संपली की कोड त्यांच्या जाहिरातीवर जातो किंवा पैसे भरा म्हणतो, आणि तोवर तुमची 2000 पॅम्प्लेटं वाटून झालेली असतात. मोठ्या कंपनीचाही भरवसा नाही. गूगलने `goo.gl` वर नवे दुवे बनवणं 2019 मध्ये थांबवलं, आणि फायरबेसचे डायनॅमिक लिंक्स ऑगस्ट 2025 मध्ये बंद केले.

ओळखायची खूण सोपी आहे. कोड स्कॅन करा आणि उघडण्याआधी फोन जो पत्ता दाखवतो तो वाचा. त्यात तुमचं डोमेन नसेल तर तो कोड छापू नका. वर दिलेल्या चार ओळींत वळवणं आणि मोजणी दोन्ही होतं, फक्त किल्ली तुमच्या हातात राहते. अर्थात डोमेनचं नूतनीकरण चुकवलंत तर हेही गेलंच, म्हणून छपाईआधी ते दोन-चार वर्षांसाठी भरून ठेवा.

गावकुसाबाहेर

पैसे भरून घेतला तर? माझ्या भावाच्या हॉटेलात मेनूसाठी आहे, त्याला `.htaccess` कोण शिकवणार.

दोन_आणे

पैसे भरत राहणार असाल तर चालेल. काही सेवा तुमचं स्वतःचं डोमेन जोडू देतात, तो पर्याय असेल तर तोच घ्या. मग सेवा बदलली तरी छापलेला कोड बदलत नाही.

शाईवाला

आता कोड बनवणं आणि छापखान्यात पोचवणं. इथे निम्मे कोड बिघडतात.

कोरलड्रॉच्या X7 पासून पुढच्या आवृत्त्यांत क्यूआर आतच बनतो. इंकस्केपमध्येही ती सोय आहे. लिनक्सवाल्यांसाठी एका ओळीचं काम:

```
qrencode -l Q -m 4 -t SVG -o card.svg 'HTTPS://EXAMPLE.COM/C'
```

यातला `-m 4` विसरू नका. कोडच्या चारही बाजूंना चार ठिपक्यांइतकी कोरी पट्टी लागते. डीटीपीवाला जागा वाचवायला नेमकी तीच कापतो, किंवा तिच्यावर हिरवी किनार चढवतो. मग कोड कुठे संपतो हे फोनला कळत नाही. 25 ठिपक्यांचा 18 मिलिमीटरचा कोड असेल तर पट्टी धरून जागा साधारण 24 मिलिमीटर. कार्ड 90 बाय 55 चं असतं, आरामात बसतं. पॅम्प्लेटवर 25 मिलिमीटरचा कोड घेतलात तर एक ठिपका बरोबर 1 मिलिमीटरचा आणि पट्टीसह 33.

फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफमध्येच द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलीत की ती दाबली जाते आणि ठिपक्यांच्या कडा पुसट होतात. तिथून पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. क्रोममधला ‘क्यूआर बनवा’ वापरून आलेलं चित्र छापायला आणतात त्यांनी एक बघावं, मधे डायनासोर असतो. तो गिऱ्हाइकाच्या कार्डावर शोभत नाही.

रंगाचं: काळा रंग नुसत्या काळ्या शाईचा ठेवायचा, K 100, बाकी तिन्ही शून्य. चारही शाया मिळून काळा केला की मशीनवर रजिस्ट्रेशन केसभर हललं तरी प्रत्येक ठिपक्याला गुलाबी-निळी कड येते. कार्डावर ते घातक. डीटीपीवाला फाइल आरजीबीमध्ये करतो आणि छापताना बदलतो, तेव्हा हमखास असा चाररंगी काळा तयार होतो. म्हणून प्रुफावर भिंग लावून पाहा.

आणि रोपवाटिका म्हटलं की गडद हिरव्यावर पांढरा कोड करायचा मोह होतो. उलट रंगाचा कोड नवे फोन बहुतेक वेळा वाचतात, जुने अडतात. हिरवी जमीन ठेवा, पण कोडमागे पांढरा चौकोन द्या, कोऱ्या पट्टीसकट. स्वस्तातलं रंगीत कागदावरचं एकरंगी पॅम्प्लेट असेल तर पिवळ्यावर काळा चालतो. गुलाबी कागदावर लाल शाई मात्र नको.

बाळू_फ्लेक्स

फ्लेक्सवाल्यांची बाजू. डिझाइन फ्रेममध्ये बसवताना आम्ही कधी कधी आडवं ओढतो. अक्षरं थोडी रुंद झाली तर कोणाला कळत नाही, पण कोड चौकोनी न राहता लांबोळा होतो. फाइलवर लिहून द्या: ‘कोड ताणू नये’. कोड कडेपासून चार-पाच इंच आत ठेवा, कडेला आयलेट मारतात आणि पट्टीवर फ्लेक्स दुमडतो. आणि ग्लो साइन बोर्डवर तर कोड नकोच. रात्री मागून ट्यूब पेटली की कॅमेऱ्याला पांढरा झोत दिसतो, काळे ठिपके करडे होतात.

उन्हाचंही आहे. सावलीतल्या सनबोर्डाच्या तुलनेत उघड्यावरचा फ्लेक्स लवकर विटतो. रंगीत कोड आधी जातो, काळा जास्त टिकतो.

नियमाने_चालणारा

एक कायद्याचं. महाराष्ट्रात दुकानाच्या नामफलकावर नाव देवनागरी लिपीत मराठीत हवं आणि त्याची अक्षरं इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात 2022 मध्ये दुरुस्ती होऊन हे लहान दुकानांनाही लागू झालं. म्हणून 4 इंची `example.com` लिहिणार असाल तर रोपवाटिकेचं मराठी नाव त्याहून मोठं ठेवा.

खटपट्या

वेबचा पत्ता म्हणजे ‘नाव’ धरतात का पण? तो तर फोन नंबरसारखा झाला. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत मोठा लिहितातच की.

नियमाने_चालणारा

त्यावर वाद घालता येईल. तपासनीस बोर्डासमोर उभा असताना घालायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी असतो तर नाव 8 इंच, पत्ता 4 इंच करून मोकळा झालो असतो.

मीनल_शिवणकाम

पत्ता मराठीत लिहिला तर? ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ असा?

दोन_आणे

लोक टाइप रोमनमध्येच करणार, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. त्यामुळे रोमन हवंच. शेजारी उच्चार म्हणून मराठीत दिलात तर हरकत नाही, फोनवर सांगायला उपयोगी पडतं. `.भारत` सारखं देवनागरी डोमेन घेता येतं, पण कोडच्या आत ते `xn--` ने सुरू होणाऱ्या रोमन रूपात गेलेलं बरं. आणि देवनागरी कीबोर्ड लावून पत्ता टाइप करणारे किती, हाही प्रश्न आहे.

बांधावरचा

मंडळी, पत्ता आखूड केला. लोगो काढला, कोडच्या वर छापतोय. तीन वेगळे कोड, प्रत्येकी 25 ठिपके. घरच्या प्रिंटरवर मूळ मापात छापून पाहिला, वडिलांच्या फोनवर पहिल्याच झटक्यात उघडला. बोर्डावर फक्त नाव आणि पत्ता.

एक राहिलं: कार्डाला ग्लॉस लॅमिनेशन की मॅट? छापखाना म्हणतो ग्लॉसवर रंग खुलतात.

शाईवाला

कोडच्या बाजूला मॅट. ग्लॉसवर ट्यूबलाइटची रेघ उमटते आणि माणूस कार्ड तिरकं करत बसतो. दोन्ही बाजूंना वेगळं लॅमिनेशन करून देतात, फक्त आधी सांगावं लागतं आणि कार्ड जरा वाकण्याची शक्यता असते.

आणि घरच्या प्रिंटरची चाचणी पुरेशी धरू नका. छापखान्याकडून लॅमिनेशन केलेलं एक कार्ड मागून घ्या. दिवसा सावलीत, रात्री ट्यूबखाली, दोन-तीन साध्या फोनवर तपासा. तिन्ही कोड वेगवेगळे उघडा, कारण पॅम्प्लेटवर कार्डाचा कोड चिकटवला गेला तर डोळ्यांना तो फरक कळत नाही.

गावकुसाबाहेर

माझ्या मते ग्लॉसने एवढं काही अडत नाही. भावाच्या हॉटेलातली मेनूकार्डं सगळी ग्लॉसच आहेत, लोक स्कॅन करतात.

शाईवाला

त्यावर कोड केवढा आहे?

गावकुसाबाहेर

असेल दोन-अडीच इंच.

शाईवाला

मग त्यावर ट्यूबची रेघ आली तरी निभावतं. 18 मिलिमीटरवर तीच रेघ अर्धा कोड खाते.

बांधावरचा

मॅट सांगतो. पॅम्प्लेट पेपरात घडी करून टाकतात, घडी कोडवरून जाईल का?

बाळू_फ्लेक्स

ए5 बहुतेक तसंच आत सरकवतात. घडी पडलीच तर बरोबर मधोमध पडेल, म्हणून कोड खालच्या उजव्या भागात ठेवा, कडेपासून अर्धा इंच आत. कटिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होतं, त्यात कोरी पट्टी जायला नको.